एका ट्रान्स्क्रिप्टमधून प्रत्येकाची वेगळी कामयादी कशी काढायची?

प्रश्न: आमच्या आठवड्याच्या ऑनलाइन मीटिंगचं ट्रान्स्क्रिप्ट आपोआप मिळतं. त्यावरून मी दोन-अडीच पानांचा वृत्तांत करून सगळ्यांना पाठवते, पण तो कोणी पूर्ण वाचत नाही आणि मग "हे माझ्याकडे होतं हे माहीतच नव्हतं" असं ऐकावं लागतं. प्रत्येकाला फक्त त्याच्यापुरती यादी द्यायची आहे. पद्धत सांगाल का?

उत्तर:

ट्रान्स्क्रिप्ट वाचता वाचता थेट माणसागणिक याद्या लिहायला बसू नका. आधी सगळ्या कामांचा एकच तक्ता करा आणि याद्या त्या तक्त्यातून गाळून काढा. याचं कारण असं की मीटिंगमधलं काम सहसा एकट्या माणसाचं नसतं. एक जण देतो आणि दुसरा त्याची वाट पाहतो. चाळिसाव्या मिनिटाला तिसरा काहीतरी बोलतो आणि दोघांचंही काम बदलतं. याद्या सुट्या लिहिल्या तर असा बदल एका यादीत पोचतो, दुसरीत राहून जातो. तक्त्यात तो एकाच ओळीत करावा लागतो.

वार्षिक अहवालाच्या छपाईची एक मीटिंग घेऊ. तारीख मंगळवार, १० जून २०२५. नावांऐवजी भूमिका लिहिते, म्हणजे कोण काय करतं ते लगेच कळेल. बाराव्या मिनिटाच्या आसपासचा भाग असा:

> संपादक: आकडे कधी मिळतील?
> लेखा: शुक्रवारपर्यंत होतील. म्हणजे, लेखापरीक्षकांचं पत्र आलं तर.
> मांडणी: ते हातात आल्याशिवाय मला तक्ते बसवता येणार नाहीत. पानं चोवीसच ना?
> संपादक: हो, चोवीस.
> छपाई: मग मी दोन ठिकाणांहून दर मागवून ठेवतो.
> प्रमुख: आणि फोटोंच्या परवानग्या कोणीतरी बघा, मागच्या वेळी राहून गेलं होतं.
> संपादक: हो, ते बघायला हवं.

मग बराच वेळ मुखपृष्ठावर चर्चा होते. एकेचाळिसाव्या मिनिटाला:

> प्रमुख: प्रकल्पांचा भाग वाढतोय. बत्तीस पानं करू.
> मांडणी: चालेल. पण मग पहिलं प्रूफ सोमवारी नाही जमणार, बुधवारी देईन.

छपाई बघणारा या वेळी काहीच बोललेला नाही. ट्रान्स्क्रिप्टमध्ये त्याचं शेवटचं वाक्य चौतिसाव्या मिनिटाला आहे. तो बहुधा दुसऱ्या मीटिंगला गेला असावा. नेहमीच्या वृत्तांतात "पृष्ठसंख्या ३२ करण्याचे ठरले" हे वाक्य दुसऱ्या पानावर कुठेतरी येईल, तो ते वाचणार नाही, आणि दर येतील चोवीस पानांचे. त्याच्या यादीने हे थांबवलं पाहिजे. पुढची सगळी पद्धत मी हा एक माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच सांगते आहे.

आधी बोलणाऱ्यांची नावं तपासा

प्रत्येक जण आपापल्या यंत्रावरून जोडलेला असेल तर ट्रान्स्क्रिप्टमधली नावं बहुतेक बरोबर येतात. तिघं एका खोलीत एकाच माइकसमोर बसले असतील तर मात्र तिघांचं बोलणं बऱ्याचदा एकाच नावावर जमा होतं. अशा वेळी एकाच्या नावावर भरमसाट कामं दिसतात आणि शेजारच्या दोघांच्या नावावर काहीच नाही. एकच माणूस स्वतःलाच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देताना दिसला की समजावं, माइक एक आणि माणसं अनेक. तिथे ध्वनिमुद्रण ऐकण्याला पर्याय नाही.

फाइल उतरवून घेता येत असेल तर वेळ असलेलीच घ्या. `.vtt` प्रकारच्या फाइलमध्ये प्रत्येक तुकड्यावर वेळ असते, आणि काही ठिकाणी बोलणाऱ्याचं नावही असतं:

```
00:12:40.000 --> 00:12:44.500
<v छपाई>मग मी दोन ठिकाणांहून दर मागवून ठेवतो.
```

ही वेळ पुढे फार उपयोगी पडते, म्हणून वेळ काढून टाकलेला "स्वच्छ" मजकूर घेऊ नका. पूर्ण ट्रान्स्क्रिप्ट शुद्ध करण्यातही वेळ घालवू नका. जिथे काम ठरलं त्या आसपासच्या चार-पाच ओळी बिनचूक असल्या की पुरे. मात्र तारीख, रक्कम, संख्या आणि नकार एवढ्या गोष्टी नेहमी कानांनी ऐकून खात्री करा. आपोआप होणाऱ्या लिप्यंतरात "एकोणतीस" आणि "एकोणचाळीस" यांची सहज अदलाबदल होते, आणि "पाठवू नका" मधला "नका" गळला तर अर्थच उलटतो.

तक्ता

मी सात रकाने ठेवते: क्रमांक, काम, कोण करणार, कोणाला देणार, मुदत, ट्रान्स्क्रिप्टमधली वेळ आणि स्थिती. यातला "कोणाला देणार" हा रकाना लोक हमखास गाळतात. अर्ध्या याद्या त्याच्यावरच उभ्या असतात, तो कसा ते पुढे सांगते.

वाचायचं पहिल्या ओळीपासून, क्रमाने. "करतो", "पाठवते", "बघू" असे शब्द शोधत उड्या मारल्या तर बरीचशी कामं सापडतील, पण "आकडे हातात आल्याशिवाय तक्ते बसवता येणार नाहीत" हे वाक्य सापडणार नाही. त्यात एकही आश्वासन नाही, तरी लेखा विभागाने आकडे नेमके कोणाला द्यायचे ते त्या वाक्यातूनच कळतं. एकदा शेवटपर्यंत गेलात की शेवटची दहा-पंधरा मिनिटं परत वाचा आणि प्रत्येक वाक्यापाशी विचारा: याने वरची कुठली ओळ बदलते? आपल्या उदाहरणात "बत्तीस पानं" या एका वाक्याने दोन ओळी बदलतात.

काम कोणाचं, हे ठरवणं

खरी मेहनत इथे आहे. एखाद्याचं नाव कामासोबत उच्चारलं गेलं म्हणून ते काम त्याचं होत नाही. मी चार गट पाडते आणि "स्थिती" रकान्यात तेच लिहिते.

स्वतः म्हणाला किंवा म्हणाली, तर पक्कं. छपाईवाल्याचं "मी दर मागवून ठेवतो" हे असं आहे. दुसऱ्याने सांगितलं आणि त्याने होकार दिला, तर तेही पक्कं, पण तो होकार त्याचाच आहे ना हे बघा. ऑनलाइन मीटिंगमध्ये "हो हो" कोणाचंही असतं.

होकार आहे पण अट जोडलेली आहे, तर अटीसह. लेखा विभागाचं "पत्र आलं तर" असंच आहे. वृत्तांत लिहिताना ही अट सगळ्यात आधी गळते आणि "लेखा विभाग शुक्रवारी आकडे देईल" एवढंच उरतं. शुक्रवारी पत्र आलं नाही की लेखावाल्यांना वाटतं आपण सांगितलं होतं, आणि मांडणीवाल्यांना वाटतं यांनी शब्द मोडला. अट कामाच्या ओळीतच लिहा.

सांगितलं, पण समोरून उत्तर आलं नाही, किंवा तो माणूस हजरच नव्हता, तर विचारायचं. "आपण करून टाकू", "बघतो मी", "होऊन जाईल" हेही मी इथेच टाकते. "बघतो" मध्ये कधी पूर्ण आश्वासन असतं, कधी विषय संपवायची घाई. तुम्ही त्या माणसाला ओळखत असलात तरी अर्थ स्वतः लावू नका, त्यालाच विचारा.

काम आहे पण धनी नाही, तर बेवारस. फोटोंच्या परवानग्या. प्रमुख म्हणाले "कोणीतरी", संपादक म्हणाले "बघायला हवं", आणि दोघांच्याही मनातून विषय उतरला. असं काम सगळ्यांच्या यादीत टाकण्याचा मोह होतो, पण सगळ्यांच्या यादीत असलेल्या कामाला कोणी हात लावत नाही. ते फक्त ज्याला माणूस नेमायचा अधिकार आहे त्याच्या यादीत जातं, आणि तिथेही "परवानग्या मिळवा" असं न लिहिता "परवानग्यांसाठी माणूस नेमा" असं लिहायचं. संपादकाने होकारार्थी मान हलवली म्हणून ते त्याच्या गळ्यात मारू नका. यादी करणाऱ्याने कामं वाटायला सुरुवात केली की लोकांचा यादीवरचा विश्वास उडतो.

आणखी एक नियम मी कडक पाळते: एका ओळीत करणारा एकच. "लेखा आणि संपादक" असं लिहायची वेळ आली तर त्या कामाचे दोन तुकडे करा. तुकडे पडत नसतील तर धनी अजून ठरलेला नाही, ती ओळ बेवारस.

मुदती

"शुक्रवारपर्यंत" असं तक्त्यात कधीच लिहू नका, "शुक्रवार, १३ जून" लिहा. यादी कोणी सोमवारी उघडली तर नुसता "शुक्रवार" कुठला, हा प्रश्न पडतो. "पुढचा शुक्रवार" तर मीटिंग चालू असतानाच दोघांना दोन वेगळ्या तारखा वाटतो. मांडणीचा "बुधवार" १८ जूनचाच असणार, कारण आकडेच १३ तारखेला मिळणार आहेत. असा निष्कर्ष काढता येतो तिथे काढा, पण तो तुमचा आहे हे कळावं म्हणून तारखेपुढे प्रश्नचिन्ह ठेवा. मुदत बोललीच गेली नसेल तर रकाना रिकामा ठेवा. छपाईवाल्याने दर कधी देणार ते सांगितलेलं नाही, आणि यादी भरल्यासारखी दिसावी म्हणून आपण तारीख सुचवणं म्हणजे न झालेलं संभाषण लिहिणं.

आपला तक्ता आता असा दिसतो:

१. तपासलेले आकडे देणे (लेखापरीक्षकांचं पत्र आल्यास). करणार लेखा, देणार मांडणीला, शुक्रवार १३ जून, १२:०५, अटीसह.
२. ३२ पानांचे दर दोन ठिकाणांहून मागवणे. करणार छपाई, देणार प्रमुखांना(?), मुदत नाही, १२:४० आणि ४१:१०, विचारायचं.
३. पहिलं प्रूफ देणे. करणार मांडणी, देणार संपादकाला(?), बुधवार १८ जून(?), ४१:२५, पक्कं.
४. फोटो-परवानग्यांसाठी माणूस नेमणे. करणार प्रमुख, मुदत नाही, १२:५०, बेवारस.

दुसऱ्या ओळीत दोन वेळा आहेत हे बघा. पहिली त्याने शब्द दिला ती, दुसरी त्याच्या गैरहजेरीत काम बदललं ती. आधी ही ओळ "पक्कं" होती. पानं बदलल्यावर ती "विचारायचं" झाली, कारण बत्तीस पानांना त्याने होकार दिलेला नाही.

याशिवाय एक छोटा दुसरा टॅब ठेवा, "निर्णय" नावाचा. जे काम नाही, पण ज्याने कोणाचं तरी काम बदलतं, ते इथे. "पानं २४ वरून ३२" याच्यापुढे कोणावर परिणाम, तर मांडणी, छपाई, संपादक. लोक पूर्ण वृत्तांत सोडून द्यायला कचरतात ते याच भीतीने, की काम नसेल माझ्या नावावर, पण काहीतरी ठरलं असेल. ही भीती या टॅबने जाते.

गाळणी

गूगल शीट्समध्ये प्रत्येकासाठी एक टॅब करा आणि त्याच्या `B1` मध्ये त्याचं नाव लिहा. मुख्य टॅबचं नाव "कामे" आणि रकाने वर सांगितलेल्या क्रमाने `A` ते `G` असतील, तर त्याची स्वतःची कामं मुदतीच्या क्रमाने अशी येतात. मात्र क्रम नीट लागायला `E` मध्ये मुदत शीटला तारीख म्हणून कळेल अशी हवी, जसं 2025-06-13, आणि प्रश्नचिन्ह `G` मधल्या स्थितीपाशी लिहा:

```
=SORT(FILTER('कामे'!A2:G, 'कामे'!C2:C=B1), 5, TRUE)
```

आणि त्याला दुसऱ्यांकडून काय मिळायचं आहे ते असं:

```
=FILTER('कामे'!A2:G, REGEXMATCH('कामे'!D2:D, B1))
```

"कोणाला देणार" हा रकाना ठेवायला सांगितलं ते यासाठी. पहिली ओळ लेखाच्या यादीत "तुम्ही द्यायचं" म्हणून येते आणि तीच मांडणीच्या यादीत "तुम्हाला मिळायचं" म्हणून येते. लेखाने तारीख बदलली तर तक्त्यात एकदाच बदला, दोन्हीकडे दिसेल. "निर्णय" टॅबसाठीही हेच दुसरं सूत्र थोडं बदलून चालतं. एकाच वस्तूची दोघं वाट पाहत असतील तर `D` मध्ये दोन नावं लिहिली तरी हे सूत्र दोघांना ती ओळ दाखवतं. पण एकाचं नाव दुसऱ्याच्या नावात सामावलेलं असेल तर गफलत होते, तिथे आडनावासह लिहा.

कुठे बिघडतं ते सांगते. पहिल्या सूत्राला नाव तंतोतंत लागतं. शेवटी एक रिकामी जागा जास्त पडली किंवा वेलांटी बदलली तर ओळ गुपचूप गायब होते, शीट काही तक्रार करत नाही. म्हणून `C` रकान्यात नावं टाइप करू नका, ड्रॉपडाउन लावा. आणि पाठवण्यापूर्वी मोजा: सगळ्यांच्या "तुम्ही द्यायचं" मधल्या ओळींची बेरीज मुख्य तक्त्यातल्या ओळींएवढी भरली पाहिजे. कमी भरली तर कुठेतरी नाव चुकलं आहे. एखाद्याच्या टॅबमध्ये `#N/A` दिसलं तर त्याच्या नावावर एकही ओळ नाही. ते खरं आहे का, ते तक्त्यात बघून घ्या.

यादीतली ओळ कशी लिहायची

शीटची लिंक पाठवून मोकळं होऊ नका. गाळलेल्या ओळी उचलून साध्या निरोपात लिहा. ओळ चांगली झाली की नाही याची माझी कसोटी अशी: मीटिंगला नसलेल्या माणसाने ती वाचली तरी त्याला काम सुरू करता यावं. "दर मागवणे" ही ओळ त्या कसोटीला उतरत नाही. कशाचे दर, किती पानांचे, कोणाला द्यायचे? "ते तक्ते", "तो विषय", "ठरल्याप्रमाणे" हे शब्द मीटिंगमध्ये बसलेल्यालाही चार दिवसांनी कळत नाहीत. छपाईवाल्याला गेलेला निरोप असा असेल:

> १० जूनची मीटिंग: तुमच्यापुरतं
>
> तुमच्याकडे
> वार्षिक अहवालाच्या ३२ पानांच्या छपाईचे दर दोन ठिकाणांहून मागवणे. (तुम्ही म्हणालात तेव्हा पानं २४ होती. तुम्ही गेल्यावर ४१व्या मिनिटाला ३२ ठरली.)
> मुदत बोलली गेली नाही. कधीपर्यंत जमेल? दर प्रमुखांनाच द्यायचे ना?
>
> तुमच्यावर परिणाम
> पहिलं प्रूफ सोमवारऐवजी बुधवारी (बहुधा १८ जून).
>
> चुकीचं वाटलं तर कळवा, पाहायची जागा १२:४० आणि ४१:१०.

याहून मोठा निरोप मी करत नाही. कोणाच्या नावावर काहीच नसेल तर त्यालाही "तुमच्याकडे काम नाही" एवढी एक ओळ पाठवा, नाहीतर आपली यादी यायची राहिली असेल असं समजून तो पूर्ण ट्रान्स्क्रिप्ट उघडतो. गैरहजर माणसाच्या नावावर काही टाकलं गेलं असेल तर "तुमच्याकडे" या मथळ्याखाली नको, "तुम्हाला विचारायचं ठरलं" म्हणून लिहा. प्रमुखांचा निरोप सगळ्यांपेक्षा लांब होतो, कारण बेवारस कामं आणि "विचारायचं" मधल्या अडकलेल्या गोष्टी त्यांच्याकडे जातात. तो लांब होतोय अशी त्यांची तक्रार आली तर कामं नेमून न देता मीटिंग संपवली जातेय असा त्याचा अर्थ. तो प्रश्न यादीने सुटणार नाही, मीटिंगमध्येच सोडवावा लागेल.

वेळेचं म्हणाल, तर पन्नास मिनिटांच्या मीटिंगचं ट्रान्स्क्रिप्ट पाच-सहा हजार शब्दांचं सहज होतं. सुरुवातीला या सगळ्याला मीटिंगएवढाच वेळ लागेल. माणसांच्या बोलण्याची सवय झाली की निम्म्यावर येतो. निरोप त्याच दिवशी जायला हवेत, कारण "मी असं म्हणालो नव्हतो" हे सांगण्याइतकी आठवण दुसऱ्या दिवसापर्यंतच ताजी असते.

नुसत्या चर्चेच्या, विचारमंथनाच्या मीटिंगला ही पद्धत लावू नका. तिथे कामं ठरलेलीच नसतात, तक्ता भरायचाच म्हणून बसलात तर कल्पनांना कामांचं रूप येतं. त्यासाठी वृत्तांतच बरा. आणि तीनच जण असतील तर प्रत्येकाची वेगळी यादी करण्यापेक्षा पूर्ण तक्ताच तिघांना पाठवा.

दुरुस्त्या आल्या की त्या निरोपात नाही, तक्त्यात करा. समजा छपाईवाला म्हणाला, "दर १७ तारखेला देतो, आणि प्रमुखांना नाही, संपादकांना." तर तक्त्याच्या दुसऱ्या ओळीत मुदत भरा, `D` रकाना बदला, स्थिती "पक्कं" करा. संपादकाच्या टॅबमध्ये ती ओळ आता "तुम्हाला मिळायचं" म्हणून आपोआप दिसू लागेल, आणि ज्याची यादी बदलली त्यालाच, म्हणजे या वेळी संपादकाला आणि ज्यांच्या यादीतून ती ओळ गेली त्या प्रमुखांना, एका ओळीचा नवा निरोप जाईल.